‘2 ग्रॅम’ हे उत्तर आलं कुठून?

*मॅडम, माझ्या मुलाला रासायनिक समीकरणं संतुलित करता येतात, मोलची सूत्रंही तोंडपाठ आहेत, पण गणित आलं की तो घसरतो. परवाच्या चाचणीत विचारलं होतं, 4 ग्रॅम हायड्रोजन पूर्ण जळायला किती ग्रॅम ऑक्सिजन लागेल? त्याने 2 ग्रॅम लिहिलं. बरोबर उत्तर 32 ग्रॅम आहे म्हणे. त्याच्या रसायनशास्त्राच्या सरांना पत्र लिहून जादा मदत मागायची आहे. जादा तास मागू की सरावाला आणखी गणितं? मी स्वतः हा विषय शिकलेलो नाही, तरी घरी काही करून घेता येईल का?*
*– एक वडील*

नमस्कार,

आणखी गणितं इतक्यात मागू नका. मुलगा नेमका कुठे अडलाय ते त्या 2 ग्रॅममध्येच दिसतं. ती जागा दुरुस्त न करता पन्नास गणितं सोडवली, तर तीच चूक पन्नासदा गिरवली जाईल.

त्याच्यासमोरचं समीकरण हे होतं:

2H₂ + O₂ → 2H₂O

हायड्रोजनच्या आधी 2 आहे, ऑक्सिजनच्या आधी काही नाही, म्हणजे 1. त्याने विचार केला, ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्मा लागतो, म्हणून 4 ग्रॅमला 2 ग्रॅम. त्याचं त्रैराशिक बरोबर आहे. फक्त ते त्याने ग्रॅमना लावलं, आणि समीकरणातले सहगुणक ग्रॅमबद्दल काही सांगतच नाहीत. ते नग मोजतात: हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक रेणू, पाण्याचे दोन रेणू.

हे त्याला समजावून सांगू नका, त्यालाच शोधू द्या. एकच प्रश्न विचारा: सहगुणक ग्रॅमचे असते, तर 2 ग्रॅम हायड्रोजन आणि 1 ग्रॅम ऑक्सिजन मिळून 2 ग्रॅम पाणी झालं असतं. आत 3 ग्रॅम गेले, बाहेर 2 आले. उरलेला 1 ग्रॅम गेला कुठे? अभिक्रियेत वस्तुमान नाहीसं होत नाही हे तो आधीच शिकलेला आहे. पण तो नियम एका धड्यात आणि समीकरण दुसऱ्या धड्यात, असे दोन कप्पे त्याच्या डोक्यात असतील. हा प्रश्न ते दोन्ही एकत्र उघडतो.

आता याच गणितातली दुसरी चुकीची उत्तरंही बघू, कारण दुरुस्तीनंतर लगेच 32 येईल असं नाही. मधल्या टप्प्यात वेगळं काहीतरी येतं, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे वेगळं कारण असतं.

64 ग्रॅम आलं, तर त्याने हायड्रोजनचं वस्तुमान 2 ऐवजी 1 धरलं. 1 हे एका अणूचं वस्तुमान आहे, पण हायड्रोजन वायूत अणू जोडीने असतात, म्हणून H₂ चं 2. 16 ग्रॅम आलं, तर तीच चूक ऑक्सिजनच्या बाजूला झाली: O₂ चे 32 घ्यायच्या ऐवजी O चे 16 घेतले. 128 आलं, तर गुणोत्तर उलटं लावलं, ऑक्सिजन निम्मा घ्यायचा तो दुप्पट घेतला. आणि उत्तर नुसतं 1 असेल, तर तो मोलपर्यंत बरोबर पोचला आणि तिथेच थांबला, परत ग्रॅममध्ये यायला विसरला. या शेवटच्या मुलाला मोल समजलाय, त्याला शिकवणीची गरज नाही.

यातली एक गंमत शिक्षकांच्याही नजरेतून निसटते. मुलाने दोन्हीकडे अणूचंच वस्तुमान वापरलं, म्हणजे हायड्रोजनला 1 आणि ऑक्सिजनला 16, तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. 4 भागिले 1, चार मोल. त्याच्या निम्मे, दोन मोल. दोन गुणिले 16, बत्तीस! उत्तर बरोबर, बरोबरची खूणही मिळते, आणि गोंधळ आहे तसाच राहतो. म्हणून पुढच्या वेळी 32 आलं तरी लगेच खूश होऊ नका. विचारा, ‘मग पाणी किती ग्रॅम तयार होईल?’ दोन्हीकडे अणू धरणाऱ्याचं उत्तर 72 येईल. पण 4 आणि 32 मिळून 36 होतात, 72 कसे होतील? तुम्हाला रसायनशास्त्र येत नसलं तरी एवढी बेरीज तपासता येते. घरी करायच्या तपासणीत माझ्या मते हीच सर्वात उपयोगी: दोन्ही बाजूंच्या ग्रॅमची बेरीज जुळते का?

आता घरी काय करायचं ते. नट आणि बोल्ट घ्या, एकाच मापाचे, साधारण चाळीस नट आणि वीस बोल्ट, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. एक बोल्ट आणि त्यावर दोन नट असा एक जोड करायचा आहे. समीकरणासारखं लिहायचं, तर 1 बोल्ट + 2 नट → 1 जोड.

आधी एका नटाचं वजन काढायचं, पण एकच नट काट्यावर ठेवून नाही. घरचा काटा बहुधा 1 ग्रॅमपर्यंतच दाखवतो. नट 5.4 ग्रॅमचा असला तरी आकडा 5 दिसेल, आणि पुढे चाळीस नटांच्या हिशोबात 16 ग्रॅमचा फरक पडेल. वीस नट एकदम ठेवा, आलेल्या वजनाला वीसने भागा. बोल्टचंही तसंच, दहा एकदम ठेवून. समजा नट 5 ग्रॅमचा आणि बोल्ट 15 ग्रॅमचा निघाला.

आता नट मोजायचे नाहीत. मुलासमोर एका पिशवीत 200 ग्रॅम नट ठेवा आणि विचारा, यांना पुरतील इतके बोल्ट वजन करून दे. पिशवीत हात घालायचा नाही.

सहगुणक ग्रॅमना लावायची सवय असेल, तर पहिलं उत्तर ‘100 ग्रॅम’ येईल, कारण बोल्ट नटांच्या निम्मे लागतात. त्याला 100 ग्रॅम बोल्ट देऊन जोड करायला बसवा. सहा-सात बोल्टांतच संपेल, आणि नटांचा ढीग उरेल. मग तो स्वतःच हिशोब करेल: 200 ग्रॅम म्हणजे 40 नट, 40 नटांना 20 बोल्ट, 20 बोल्टांचे 300 ग्रॅम. नगांचं प्रमाण 2 ला 1, पण वजनाचं 2 ला 3, कारण बोल्ट जड आहे. शेवटी सगळे जोड काट्यावर ठेवा. 500 ग्रॅम, म्हणजे 200 आणि 300 ची बेरीज. (तुमचा काटा दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे दाखवेल, ते चालतं.)

या ठिकाणी तुम्हाला आणखी एक गोष्ट कळेल, आणि ती सरांना सांगण्यासारखी आहे. नट-बोल्टचा हिशोबही मुलाला जमला नाही, तर अडचण मोलची नाही. गुणोत्तर आणि भागाकार कच्चे आहेत, त्यावर वेगळं काम करावं लागेल, आणि रसायनशास्त्राचा जादा तास तिथे फुकट जाईल. नट-बोल्ट सहज जमले आणि H₂, O₂ आल्यावरच गोंधळ झाला, तर मात्र मोलवर बसायचं.

नट-बोल्टपासून मोलपर्यंत एकच पाऊल आहे, पण बहुतेक वेळा नेमकं तेच गाळलं जातं. मोल म्हणजे डझनासारखा एक गठ्ठा, असं सांगतात. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. डझन आपण मोजून घेतो. मोल मोजता येत नाही, तोलावा लागतो. तोलून नग कसे कळतात, हे डझनाच्या उदाहरणात येतच नाही.

ते पाऊल असं. मुलाला म्हणा, समज एका नटाचं वजन आपल्याला माहीतच नाही, काढायची सोयही नाही. एवढंच ठाऊक आहे की बोल्ट नटाच्या तिप्पट जड असतो. एका पोत्यात 5 किलो नट आहेत आणि दुसऱ्यात 15 किलो बोल्ट. कोणत्या पोत्यात नग जास्त? थोडा वेळ जाऊ द्या. दोन्हीकडे सारखेच. किती, ते माहीत नाही, पण सारखे आहेत हे नक्की, आणि एकास एक जोडायला तेवढं पुरेसं आहे.

अणू-रेणूंचं असंच आहे. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या 16 पट जड, 32 ला 2. म्हणून 2 ग्रॅम हायड्रोजन आणि 32 ग्रॅम ऑक्सिजन घेतले, तर दोन्हीत रेणूंची संख्या सारखी. पाण्याच्या रेणूचं वस्तुमान 18, म्हणून 18 ग्रॅम पाण्यातही तितकेच रेणू. त्या सारख्या संख्येला नाव दिलं मोल. ‘रेणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतलं की एक मोल होतो’ हे वाक्य मुलं पाठ करतात, पण त्यामागचं कारण एवढंच आहे.

यात 6.022 × 10²³ कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. मुद्दाम आणलं नाही. ग्रॅमवरून ग्रॅम काढायच्या गणितात हा आकडा लागत नाही, पण दिसला की मुलं तो कुठेतरी गुणून टाकतात. पहिले दोन आठवडे तो बाजूला ठेवा. ‘रेणू किती?’ असं विचारलं जाईल तेव्हाच तो काढायचा: मोलच्या संख्येला त्याने गुणायचं, बस. तेव्हा कॅल्क्युलेटरवर एक चूक हमखास होते. 6.022 टाकून, गुणिले 10 दाबून, मग EXP आणि 23 दाबतात. EXP या बटणातच ‘गुणिले 10 चा घात’ असतो, त्यामुळे उत्तर दहापट मोठं येतं. 6.022, EXP, 23 एवढंच दाबायचं.

जुन्या-नव्या पुस्तकांत मोलच्या व्याख्येवरून त्याचा गोंधळ होऊ शकतो, म्हणून तेही सांगते. आधी मोलची व्याख्या 12 ग्रॅम कार्बन-12 मधल्या अणूंच्या संख्येवरून करत. 20 मे 2019 पासून ती संख्याच ठरवून दिलेली आहे, 6.02214076 × 10²³. त्याच्या गणितांच्या उत्तरात यामुळे काहीही फरक पडत नाही.

आता वहीतली मांडणी. ही कडकपणे पाळायला लावा, कारण चूक कुठल्या ओळीत आहे ते तिच्यामुळेच दिसतं. प्रत्येक गणित तीन ओळींत: पहिल्या ओळीत दिलेल्या पदार्थाचे ग्रॅम मोलमध्ये, दुसरीत सहगुणक वापरून एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याचे मोल, तिसरीत ते मोल परत ग्रॅममध्ये. आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकक तर हवंच, पदार्थाचं सूत्रही हवं. नुसतं ‘2 मोल’ नाही, ‘2 मोल H₂’. ‘हायड्रोजनचे 2 मोल’ असंही नको, कारण तो हायड्रोजन H आहे की H₂, याच प्रश्नावर मुलं घसरतात.

एक गणित पूर्ण करून दाखवते. 14 ग्रॅम नायट्रोजनपासून अमोनिया बनवायला हायड्रोजन किती लागेल?

N₂ + 3H₂ → 2NH₃

पहिली ओळ: N₂ चं वस्तुमान 28, म्हणून 14 ÷ 28 = 0.5 मोल N₂.
दुसरी ओळ: 1 मोल N₂ ला 3 मोल H₂, म्हणून 0.5 ला 1.5 मोल H₂.
तिसरी ओळ: 1.5 × 2 = 3 ग्रॅम H₂.

मग ताळा. दुसऱ्या ओळीकडे परत जाऊन अमोनिया काढायचा: 0.5 मोल N₂ पासून 1 मोल NH₃, म्हणजे 14 + 3 × 1 = 17 ग्रॅम. आत 14 आणि 3, बाहेर 17. जुळलं.

नायट्रोजनचे 28 ऐवजी 14 धरले असते, तर पहिल्या ओळीत 1 मोल आला असता, हायड्रोजन 6 ग्रॅम, आणि अमोनिया 2 मोल म्हणजे 34 ग्रॅम. 14 आणि 6 मिळून 20, 34 नाहीत. ताळा चूक पकडून देतो, आणि सूत्र शेजारी लिहिलेलं असलं की ती कुठल्या ओळीत आहे तेही दिसतं. तिसऱ्या ओळीत आणखी एक जागा आहे, लक्ष ठेवा: 3H₂ साठी काही मुलं 1.5 ला 2 ऐवजी 6 ने गुणतात. सहगुणक दुसऱ्या ओळीत एकदा वापरून झाला, तिसऱ्यात तो पुन्हा घ्यायचा नाही. मोलर वस्तुमान नेहमी एका H₂ चं, समीकरणात पुढे 3 असो की 30.

रोज अशी दोनच गणितं, ताळ्यासकट. त्याहून जास्त नकोत. ताळा जुळला नाही तर खोडायचं नाही, चुकलेली ओळ शोधून तिच्याभोवती गोल करायचा आणि खाली नव्याने लिहायचं. आठवड्याने त्या गोलांकडे बघितलं की सगळे गोल एकाच ओळीत पडलेले दिसतात. पहिल्या ओळीत असतील, तर तो अणू आणि रेणू एकमेकांत मिसळतोय. दुसरीत असतील, तर गुणोत्तर उलटं लावतोय.

दोन्ही पदार्थांची वजनं दिलेली गणितं, ज्यांना लिमिटिंग रिएजंट म्हणतात, इतक्यात नकोत. तीन ओळी न अडखळता यायला लागल्या की घ्या. सुरुवातीला एकच पुरे: 6 ग्रॅम हायड्रोजन आणि 32 ग्रॅम ऑक्सिजन एकत्र जाळले, पाणी किती? घाईत मुलं बेरीज करून 38 लिहितात. 32 ग्रॅम म्हणजे 1 मोल O₂, त्याला 2 मोल H₂ म्हणजे 4 ग्रॅमच लागतात. पाणी 36 ग्रॅम, आणि 2 ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. इथे 38 ची बेरीज खोटी नाही, फक्त ते सगळं पाणी नाही. नट-बोल्टच्या वेळी उरलेल्या नटांचा ढीग त्याला आठवेलच.

22.4 लिटरबद्दलही थोडं. हा आकडा वायूंचा, आणि तोही 0 अंश सेल्सिअस आणि 1 ॲटमॉस्फिअर दाबालाच. 1 बार दाब दिला असेल तर 22.7 लिटर होतो, म्हणून गणितातला दाब वाचल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. ‘1 मोल पाण्याचं आकारमान किती’ या प्रश्नाला 22.4 लिटर लिहिणारी मुलं कमी नाहीत. द्रवरूप पाण्याचा एक मोल म्हणजे 18 ग्रॅम, जेमतेम 18 मिलिलिटर, एखादा घोट.

आता सरांना लिहायचं पत्र. ‘मुलाला मोल समजत नाही, जादा मदत करावी’ असं लिहिलंत तर सरांना धडा पहिल्यापासून शिकवावा लागेल, आणि त्याला येणाऱ्या भागावरच वेळ जाईल. आठवडाभर वही झाली की तिच्यासोबत एवढंच द्या:

‘सर, सोबत आठ दिवसांची वही आहे. नगांचा आणि वजनाचा हिशोब त्याला वस्तूंवर जमतो. समीकरण संतुलित करता येतं. चुका बहुतेक पहिल्या ओळीत आहेत, ग्रॅमचे मोल करताना. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं त्याच्याशी एवढ्याच ओळीवर बोलता आलं तर बरं होईल. चाचणीत उत्तर चुकलं, तर कुठल्या ओळीत चुकलं तेवढी खूण करावी, म्हणजे घरी त्यावरच बसता येईल.’

‘पहिल्या’च्या जागी तुमच्या वहीत गोल जिथे जास्त पडले असतील, ती ओळ लिहा. त्या पंधरा मिनिटांत सरांनी गणित सोडवायची गरज नाही. दहा सूत्रं समोर ठेवून ‘याच्या एका मोलचे ग्रॅम किती, आणि त्यात अणू कुठले, किती मोल?’ एवढंच तोंडी विचारलं तरी पुरेल. O₂, O₃, N₂, NH₃, CO₂, NaCl, CaCO₃ अशी. ओझोनला तो 48 म्हणाला आणि अणूंचे 3 मोल म्हणाला, की पहिली ओळ सुटली असं समजा. दुसरीत गोल पडत असतील, तर तीच पंधरा मिनिटं संतुलित समीकरणं समोर ठेवून ‘याचे इतके मोल, तर त्याचे किती?’ असं विचारण्यात घालवायची, ग्रॅम मध्ये न आणता.